नागपूर, नागपूरला, नागपुरात: मराठी लेखकांच्या चमूसाठी शैलीपुस्तिका कशी घडवावी

सुरुवात शहराच्या नावापासूनच करू. नागपुरातल्या चार जणांच्या चमूने एकाच आठवड्यात लिहिलेला मजकूर एकत्र केला की हे नाव बहुधा तीन प्रकारांनी लिहिलेले सापडते: ‘नागपूर’, ‘नागपुर’ आणि ‘नागपूरात’. पहिले मराठीचे आहे. दुसरे हिंदीचे आहे आणि रेल्वे स्थानकाच्या पाटीवरच्या हिंदी ओळीत ते बरोबरच आहे. तिसरे कुठल्याच भाषेचे नाही, पण तेच सर्वांत जास्त दिसते. कारण ‘नागपूर’ दीर्घ लिहायचे हे लेखकाला पक्के ठाऊक असते आणि प्रत्यय लागला की तो ‘पू’ ह्रस्व होतो हे मात्र माहीत नसते.

अशा वेळी चमूत नियमांवरून वाद होतो आणि जो मोठ्याने बोलतो त्याचे चालते. पुढच्या महिन्यात तो रजेवर गेला की दुसऱ्याचे चालते. शैलीपुस्तिकेचे काम एवढेच की हा वाद एकदाच व्हावा आणि त्याचा निकाल लिहून ठेवलेला असावा. ती घडवण्याचा क्रम पुढे देत आहे. यातला बराच भाग कोणत्याही मराठी चमूला लागू पडेल, पण हिंदीचा शेजार आणि वऱ्हाडीचा वावर यांमुळे नागपूरकरांना काही जादाची पाने जोडावी लागतात.

आधी यादी, नियम नंतर

बहुतेक जण नियमावली लिहायला बसतात आणि पहिल्याच पानावर अनुस्वाराची व्याख्या करू लागतात. त्याची गरज नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. हे अठरा नियम छापलेले आहेत, ते पुन्हा लिहून काढण्यात वेळ घालवू नका. तुमच्या पुस्तिकेत फक्त तुमचा चमू जिथे अडखळतो तेवढेच हवे. तो कुठे अडखळतो हे आठवून सांगता येत नाही, मोजून काढावे लागते.

त्यासाठी प्रत्येक लेखकाचा अलीकडचा, संपादकाचा हात न लागलेला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये घ्या. संपादित मजकूर घेतला तर यादीत संपादकाच्या सवयी दिसतील, लेखकांच्या नाही. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून लिनक्सवर ही दोन वाक्ये चालवा:

```
export LC_ALL=C
cat *.txt | tr -s '[:space:]' '\n' | sort | uniq -c > yadi.txt
```

पहिली ओळ गाळू नका. ती नसेल तर काही जुन्या यंत्रणांवर देवनागरीतले दोन वेगळे शब्द एकच समजले जातात आणि नेमका जो फरक शोधायचा तोच यादीतून नाहीसा होतो. `yadi.txt` मध्ये प्रत्येक शब्द आणि तो किती वेळा आला हे मिळेल. ‘सुरु’च्या खाली ‘सुरू’, ‘नागपुर’च्या पुढे काही ओळींवर ‘नागपूर’ अशा जोड्या डोळ्यांना आपोआप दिसतात. शब्दाला चिकटलेली स्वल्पविरामासारखी चिन्हे तशीच राहतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. संगणकाशी एवढी सलगी नको असेल तर छापील पाने घेऊन दोन रंगांच्या पेनांनीही हे काम होते, फक्त वेळ जास्त लागतो आणि एक प्रकारचे घोळ हाती लागतच नाहीत. ते कोणते, ते पुढे येईल.

एक उतारा आणि तीन ढीग

यादीतली प्रत्येक जोडी तीनपैकी एका ढिगात जाते. हे नीट कळावे म्हणून मुद्दाम रचलेला एक उतारा घेऊ. यातल्या चुका रोजच्या आहेत, फक्त एरवी त्या इतक्या दाटीने येत नाहीत.

> नागपूरात दि.5 मे पासुन सुरु होणार्‍या अभ्यास शिबीराचे फाॅर्म ऑनलाईन भरता येतील. वर्‍हाडी कवि संमेलनाच्या तिकीटावर १५% सूट असुन त्यासाठी अॅप डाऊनलोड करा.

पहिला ढीग नियमांनी आधीच मिटवलेल्या गोष्टींचा. ‘पासून’ आणि ‘असून’ दीर्घ, कारण मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असतो. ‘सुरू’चा शेवट दीर्घ. ‘शिबिर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून मुळाप्रमाणे दोन्ही ह्रस्व. ‘तिकीट’ दीर्घ, पण ‘तिकिटावर’ ह्रस्व, आणि ‘नागपूर’चे ‘नागपुरात’ होते ते याच न्यायाने: सामान्यरूप झाले की शेवटून दुसरा दीर्घ इकार-उकार ह्रस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, म्हणून ‘गीत’चे ‘गीतात’ आणि ‘शरीर’चे ‘शरीरात’ असे दीर्घच राहते. ‘कवी’ एकटा असताना दीर्घान्त, समासात पुढे आला की मुळाप्रमाणे ह्रस्व, आणि समास जोडूनच लिहायचा: ‘कविसंमेलन’, ‘अभ्यासशिबिर’. या ढिगावर चमूत मतदान घेऊ नये. शब्द यादीत टाकावा आणि पुढे जावे.

इथे ‘नागपूर’चे सगळे कुटुंब एकदा मांडून घ्या, कारण ते रोज लागते. ग्रामनामातला ‘पूर’ दीर्घ, असा स्वतंत्र नियमच आहे: नागपूर, चंद्रपूर, भिवापूर. प्रत्यय मूळ नावाला थेट लागला तर काही बदलत नाही: नागपूरला, नागपूरहून, नागपूरचा, नागपूरकर. मध्ये ‘आ’ आला, म्हणजे सामान्यरूप झाले, की ह्रस्व: नागपुरात, नागपुरातून. शेवट दीर्घ ‘ई’ने झाला तरी ह्रस्व: नागपुरी संत्री. लेखकाला नियम आठवत नसेल तर ‘र’ला काना-वेलांटी लागली की ‘पु’, नाही तर ‘पू’, एवढे सांगितले तरी पुरते.

दुसरा ढीग निवडीचा. ‘5’ की ‘५’, ‘%’ की ‘टक्के’, ‘ऑनलाईन’ की ‘ऑनलाइन’, ‘फॉर्म’ की ‘अर्ज’. इथे नियम गप्प असतात किंवा दोन्हीकडे झुकतात, म्हणून चमूने निवडायचे असते. पुस्तिकेचा खरा मजकूर हाच.

तिसरा ढीग डोळ्यांना न दिसणारा. ‘अॅप’ आणि ‘ॲप’, ‘वर्‍हाडी’ आणि ‘वऱ्हाडी’, ‘फाॅर्म’ आणि ‘फॉर्म’. कागदावर सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. हा ढीग लेखकांच्या बैठकीत आणूच नका. एका माणसाने निर्णय घ्यावा आणि कळफलक सर्वांना सारखा करून द्यावा.

तिन्ही ढीग उपसल्यावर उतारा असा होतो:

> नागपुरात ५ मेपासून सुरू होणाऱ्या अभ्यासशिबिराचे अर्ज ऑनलाइन भरता येतील. वऱ्हाडी कविसंमेलनाच्या तिकिटावर १५ टक्के सूट असून त्यासाठी ॲप डाउनलोड करा.

उसने शब्द: कोणता ठेवावा आणि कसा लिहावा

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की बैठक लांबते. आधी कोणता शब्द ठेवायचा ते ठरवा.

माझी कसोटी अशी: मराठी शब्द वाचकाच्या तोंडी जिवंत आहे का? ‘अर्ज’, ‘सवलत’, ‘नोंदणी’, ‘वाहतूक’, ‘पावती’ हे सगळे जिवंत आहेत, मग ‘फॉर्म’ किंवा ‘रजिस्ट्रेशन’ लिहिण्याचे कारण नाही. ‘मोबाइल’ला ‘भ्रमणध्वनी’ आणि ‘बँके’ला ‘अधिकोष’ हे प्रतिशब्द मात्र इतवारीच्या दुकानात कोणी उच्चारणार नाही, ते ठेवू नयेत. मधल्या पट्ट्यातले शब्द, उदाहरणार्थ ‘वेबसाइट’ आणि ‘संकेतस्थळ’, दोन्ही वाचले जातात. तिथे एक निवडा, कारण एकाच पानावर दोन्ही आले की वाचकाला त्या दोन निराळ्या गोष्टी वाटतात. शासकीय योजना, पदनामे, कायद्यातल्या संज्ञा यांत निवड नसतेच. भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशात आणि परिभाषा कोशांत जे आहे ते जसेच्या तसे घ्यावे, आवडले नाही तरी.

आता लेखन. उसन्या शब्दांत जुने आणि नवे असा भेद करावा लागतो. जुना शब्द मराठीच्या नियमांनी वागतो, नवा उच्चाराप्रमाणे लिहिला जातो. पण ही रेघ मारायची कुठे? इथे कान कामी येतो. शब्दाला प्रत्यय लावून मोठ्याने म्हणून पाहा. आपण ‘तिकिटावर’, ‘बँकेत’, ‘स्टेशनावर’ म्हणतो, म्हणजे शब्दाचे सामान्यरूप होते, तो घरचा झाला. ‘फेसबुकवर’, ‘ॲपमध्ये’, ‘मोबाइलवर’ म्हणताना शब्द जागचा हलत नाही, म्हणून तो अजून पाहुणा आहे. ‘तिकीट’ दीर्घ लिहिणे आणि ‘ऑनलाइन’ ह्रस्व लिहिणे यांत जो विरोध दिसतो तो या भेदाने सुटतो. ‘स्टेशनावर’ आणि ‘स्टेशनवर’ अशी दोन्ही रूपे कानावर येणारे शब्द थोडे असतात, ते एकेक करून यादीत ठरवा.

‘ऑनलाईन’च्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे असते की ‘ठाऊक’ आणि ‘कठीण’ दीर्घ, मग हेही दीर्घ हवे. चुकीचे नाही ते. तरी मी ह्रस्वाच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण कामापुरते आहे. ‘लाईन’, ‘फाईल’ दीर्घ ठरवले की त्यांचे सामान्यरूप ‘लाइनीत’, ‘फाइलीत’ असे ह्रस्व करावे लागते, म्हणजे एकेका शब्दाची दोन रूपे सांभाळायची आणि निम्मे लेखक दुसरे विसरणार. ‘लाइन’, ‘फाइल’ ह्रस्व ठरवले की सगळीकडे एकच रूप. तुमच्या चमूने उलट ठरवले तरी चालेल, पण ठरवताना एकेक शब्द घेऊ नका, कुटुंब घ्या: ‘आ’ उच्चारानंतर येणारा इ-उ ह्रस्व, म्हणून ऑनलाइन, मोबाइल, फाइल, साइट, डाउनलोड, अकाउंट. एका ओळीत पन्नास शब्दांचा निकाल लागतो.

असेच दुसरे कुटुंब ‘स’पूर्वीच्या अनुनासिकाचे. ‘कॅन्सर’, ‘लायसन्स’, ‘सेन्सर’ यांत ‘न्’ लिहावा, कारण ‘संशय’सारख्या शब्दात अनुस्वाराचा उच्चार वेगळा होतो आणि ‘लायसंस’ वाचताना जीभ अडते. ‘सेंटर’, ‘काउंटर’, ‘पंप’ यांत अनुस्वार पुरतो.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत नसते आणि मग प्रत्येक लेखात वेगळी दिसते: उसन्या शब्दाचे लिंग. ‘ॲप’ ते, ‘लिंक’ ती, ‘व्हिडिओ’ तो, ‘वेबसाइट’ ती. ‘ईमेल’वर मात्र भांडण होणारच, कोणी ‘तो’ म्हणेल, कोणी ‘ती’. नाणे उडवा, पण लिहून ठेवा.

हिंदीच्या शेजारचे पान

१९५६पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची, म्हणजे हिंदी आणि मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होते, आणि आजही शहरात दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालतात. बोलण्यात त्याची मजा आहे. लिहिताना मात्र दोन ठिकाणी खड्डा असतो.

पहिला लिपीतला. हिंदीत ‘ॅ’ उच्चारासाठी दोन मात्रा वापरतात, म्हणून ‘बैंक’, ‘मैनेजर’, ‘कैंप’. हिंदी पाट्या वाचत वाढलेला लेखक मराठीतही सहज तसे लिहितो. मराठीत ‘बँक’, ‘मॅनेजर’, ‘कॅम्प’. यादीत ‘ै’ असलेले सगळे शब्द एकदा नजरेखालून घाला, ‘सैन्य’ आणि ‘दैनिक’ यांच्यात लपलेला ‘मैनेजर’ सापडतो.

दुसरा खड्डा अर्थाचा, आणि तो जास्त धोक्याचा, कारण शुद्धलेखन तपासणारा त्याला पकडू शकत नाही. हिंदी पत्रकावरून मराठी मजकूर करताना ‘कानून में संशोधन’चे ‘कायद्यात संशोधन’ होते. मराठीत संशोधन म्हणजे अभ्यास करून शोधणे, कायद्यात होते ती ‘सुधारणा’ किंवा ‘दुरुस्ती’. ‘यातायात’ हिंदीत वाहतूक, मराठीत दगदग. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘शिक्षा विभाग’ असे मराठी मजकुरात छापले गेले तर वाचक हसतो, म्हणजे निदान चूक लक्षात येते. ‘संशोधन’ मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही. असे शब्द सापडतील तसे एका पानावर नोंदवत जा, एका बैठकीत ते सगळे आठवणार नाहीत.

आकडे

पहिला प्रश्न अंकांचा: देवनागरी की आंतरराष्ट्रीय? चालू मजकुरात देवनागरी, असे मी सुचवेन. मराठी छापील परंपरा तीच आहे आणि देवनागरी ओळीत रोमन वळणाचे अंक खटकतात. अपवाद एका वाक्यात लिहिता येतो: वाचक जो आकडा पाहून टाइप करणार किंवा चिकटवणार, तो आंतरराष्ट्रीय अंकांत. फोन क्रमांक, खाते क्रमांक, पिन कोड, ओटीपी. अनेक अर्जांच्या खिडक्या देवनागरी अंक घेतच नाहीत आणि वाचकाला वाटते की आपलेच काही चुकले.

तक्त्यांचे वेगळे आहे. स्प्रेडशीटमध्ये देवनागरी अंक टाइप केले की ते बहुतेक वेळा मजकूर म्हणून धरले जातात, बेरजेत येत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या संख्या कप्प्याच्या उजव्या कडेला सरकतात, मजकूर डाव्या कडेला राहतो. म्हणून हिशेब आंतरराष्ट्रीय अंकांत करावा आणि छापण्यापूर्वी शेवटी अंक बदलावेत.

दोन्ही पद्धती एका मजकुरात मिसळल्या आहेत का हे पाहायचे असेल तर शोध खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून `[0-9]` शोधा. `\d` वापरू नका. काही साधनांत ते देवनागरी अंकांनाही लागू होते, काहींत होत नाही, आणि तुमच्या साधनात नेमके काय होते हे तपासत बसण्यापेक्षा कंस टाइप करणे सोपे.

मग अंक की अक्षर? एक ते नऊ अक्षरांत, दहापासून पुढे अंकांत, हा बऱ्याच ठिकाणी चालणारा नियम मराठीलाही बरा लागतो, विशेषतः ‘एक’च्या बाबतीत, कारण ‘१ दिवस त्याने सांगितले’ हे वाचवत नाही. तारीख, वय, मोजमाप, टक्केवारी आणि किंमत यांत मात्र नेहमी अंक: ५ मे, ७ वर्षांचा, ३ किलो. एकाच वाक्यात दोन्ही प्रकार शेजारी आले तर सगळे अंकांत करावे, ‘आठ मुली आणि १२ मुलगे’ असे नको.

मराठीची खरी अडचण पुढे आहे. आपण ‘एक दशांश पाच लाख’ म्हणत नाही, ‘दीड लाख’ म्हणतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द असताना चालू मजकुरात ‘२.५ तास’ लिहिणे कृत्रिम आहे, शिवाय ‘३.५ वाजता’ लिहिणाऱ्याला साडेतीन म्हणायचे होते की तीन वाजून पाच मिनिटे, ते वाचकाला कळत नाही. नियम असा ठेवा: वाक्यात पाव-अर्ध्याच्या पटीची संख्या आली की शब्द, तक्त्यात दशांश, आणि वेळ लिहिताना ‘दुपारी ३.३०’ किंवा ‘साडेतीन’, तिसरे काही नाही. तापमान हा अपवाद. नागपूरच्या मे महिन्यात ४५.५ आणि ४५.२ अंशांतला फरकच बातमी असते, तिथे ‘साडेपंचेचाळीस’ने भागत नाही.

मोठ्या संख्यांत लाख-कोटीची पद्धत आणि स्वल्पविरामही तिच्याप्रमाणे: १,००,०००. इंग्रजी पत्रकातले ‘मिलियन’ आले की ते दहा लाख असते, हे माहीत असूनही घाईत चुकते, म्हणून पुस्तिकेत ही ओळ ठळक असावी.

अंकाला प्रत्यय जोडायचा की तोडायचा यावर एकमत नाही. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहितात, म्हणून ‘५ मेपासून’ जोडलेले. पण ‘१९६२मध्ये’ आणि ‘१९६२ मध्ये’ दोन्ही छापलेले दिसतात. जोडून लिहिणे मला बरे वाटते, कारण तोडले की ओळीच्या टोकाला अंक राहतो आणि ‘मध्ये’ खालच्या ओळीवर पडते. ज्यांना जोडलेले पाहवत नाही त्यांना ‘१९६२ साली’ लिहिण्याची मोकळीक ठेवा.

न दिसणारा ढीग

राज्य शासनाच्या २००९ सालच्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत जागा मिळाली. युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक आहे, `U+0972`. जुन्या कळफलकांवर मात्र लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र ठेवत, म्हणजे `U+0905` आणि `U+0945` अशी दोन चिन्हे. दोन्ही पडद्यावर सारखी दिसतात आणि त्यांना आपोआप एक करणारी यंत्रणा युनिकोडमध्ये नाही. परिणाम असा की जुन्या मजकुरात ‘ॲप’ शोधले तर निम्मे सापडत नाहीत आणि शब्दसूचीत ‘ॲ’चे शब्द दोन ठिकाणी पडतात.

अशा चार जोड्या नागपुरातल्या मजकुरात नेहमी येतात. ‘ॲ’ची झाली. ‘ऑ’च्या मात्रेची दुसरी: काना आणि चंद्र वेगळे टाइप केलेले (`U+093E U+0945`) काढून एकच `U+0949` ठेवावे. तिसरी ‘वऱ्हाड’ आणि ‘होणाऱ्या’ यांतल्या अर्ध्या ‘र’ची. तो `U+0931 U+094D` असा लिहिता येतो, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारे जोडचिन्ह `U+200D` टाकून. दुसरा प्रकार टाळावा, कारण काही ठिकाणी मजकूर चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळून पडते आणि ‘वर्हाड’ उरते. ते दिसले की समजावे की मूळ मजकुरात जोडचिन्ह होते. चौथी ‘बँक’ची, जिथे एकतर चंद्रबिंदू `U+0901` असतो किंवा चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे. चंद्रबिंदू ठेवा, बहुतेक कळफलक तोच देतात.

लिबरऑफिसच्या शोध-बदल खिडकीत `Regular expressions` वर खूण करून हे नमुने एकेक शोधता येतात:

```
\u0905\u0945
\u093E\u0945
\u0930\u094D\u200D
\u0945\u0902
```

बदली करायची चिन्हे अनुक्रमे ‘ॲ’, ‘ॉ’, ‘ऱ्’ आणि चंद्रबिंदू. या चार बदलांत अर्थाला धक्का लागण्याचा धोका जवळपास नाही, म्हणून सगळे एकदम बदलले तरी चालते. याच कामासाठी छापील पाने आणि रंगीत पेने कमी पडतात.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक शब्दाची नोंद एका ओळीत बसावी: काय लिहावे, काय लिहू नये, प्रत्यय लागल्यावरचे रूप, लिंग, आणि कारण सहा-सात शब्दांत. ‘तिकीट’ची नोंद अशी होईल: तिकीट, तिकिट नको, तिकिटाला, तिकिटे, नपुंसकलिंग, जुना उसना शब्द, मराठी नियमाने. ‘मोबाइल’ची: मोबाइल, मोबाईल, भ्रमणध्वनी नको, मोबाइलवर, अनेकवचनी मोबाइल, पुल्लिंग, आ-नंतरचा इ ह्रस्व.

प्रत्ययाचा रकाना वगळू नका. नुसता ‘तिकीट’ दिला तर लेखक ‘तिकीटाला’ लिहिणार, आणि पुस्तिका पाळली म्हणून सांगणार. कारणाचा रकाना नव्या माणसासाठी आहे. त्याच्यामुळे यादीत नसलेला शब्द तो स्वतः सोडवू शकतो.

निर्णय कोणाचा, हेही पहिल्याच पानावर लिहा. एक व्यक्ती, आणि ती रजेवर असेल तर दुसरी. बाजारात शुद्धलेखनाचे कोश मिळतात, त्यांतला एकच निवडून सर्वांनी मानावा. दोन कोश ठेवले की लेखक आपल्या सोयीचा उघडतो. यादीत नसलेला शब्द आला तर लेखकाने कोशाप्रमाणे लिहून ‘प्रलंबित’ पानावर टाकावा, थांबून राहू नये. त्या पानाचा निकाल आठवड्यातून एकदा लावला की पुरे. बदललेल्या निर्णयापुढे तारीख टाका, नाहीतर जुनी प्रत वापरणारा आपलेच खरे मानतो.

हात लावू नये अशा जागा

पुस्तिका पाळायची सवय लागली की उत्साही संपादक सगळेच सरळ करू लागतो. कोणी ‘काय करून राहिला बे?’ म्हटले असेल तर अवतरणात ते तसेच छापावे, त्याचे ‘काय करतो आहेस?’ करणे म्हणजे माणूस बदलणे. महामंडळाच्या नियमांनीही बोलण्याच्या भाषेतली ‘असं केलं’ सारखी अनुस्वारयुक्त रूपे पात्राच्या तोंडी मान्य केली आहेत. निवेदनात मात्र ‘असे केले’ किंवा ‘असं केलं’ यांतले एकच ठेवा आणि तेही पुस्तिकेत नोंदवा.

विशेषनामांची यादी वेगळी असावी. १४ ऑक्टोबर १९५६च्या सोहळ्याचे नाव ‘धम्मचक्र प्रवर्तन’ आहे, ‘धर्मचक्र’ नव्हे. ‘धम्म’ हा पालीतला शब्द जाणूनबुजून वापरलेला आहे आणि तो ‘सुधारणे’ ही चूक ठरते. स्थळ ‘दीक्षाभूमी’, तिन्ही इकार-उकार दीर्घ. ‘दिक्षाभूमी’ हे रूप पाट्यांवर दिसत असले तरी. सीताबर्डी, धंतोली, सक्करदरा, फुटाळा, अंबाझरी, पारशिवनी, कळमेश्वर ही नावे एकदा ठरवून यादीत टाका. माणसांची नावे आणि संस्थांची नोंदणीतली नावे त्यांनी लिहिली तशीच घ्यावीत, नियमात बसत नसली तरी.

जुना मजकूर बदलताना

नवी पुस्तिका लागू होण्याची एक तारीख ठरवा आणि तिच्या आधीचा मजकूर हात लागेल तेव्हाच सुधारा. सगळा संग्रह एका रात्रीत बदलण्याचा मोह अनावर असतो, आणि ‘नागपुर’च्या जागी सरसकट ‘नागपूर’ टाकले की काय होते हे सांगायलाच हवे: बरोबर असलेले सगळे ‘नागपुरात’ आणि ‘नागपुरी’ बिघडून ‘नागपूरात’ आणि ‘नागपूरी’ होतात. पुढे काना-मात्रा नसलेलेच शब्द पकडायचे असतील तर लिबरऑफिसमध्ये पहिल्या ओळीने शोधून ‘नागपूर’ टाका, आणि आधीच चुकलेले ‘नागपूरात’ दुसऱ्या ओळीने शोधून ‘नागपुर’ टाका:

```
नागपुर(?![\u093E-\u094C])
नागपूर(?=[\u093E-\u094C])
```

पहिली ओळ ‘नागपुर’, ‘नागपुरला’, ‘नागपुरकर’ पकडते आणि ‘नागपुरात’ सोडून देते. तरीही ‘सगळे बदला’ हे बटण न दाबता एकेक ठिकाण पाहून पुढे जा. मजकुरात हिंदी अवतरणे असतील, हिंदी संस्थांची नावे असतील, त्यांतला ‘नागपुर’ तसाच राहायला हवा. आणि ‘नागपुरे’ हे आडनाव आहे. ते कोणी दीर्घ लिहीत असेल तर दुसरी ओळ त्याचे आडनाव न विचारता बदलून टाकेल.